मागील बिले थकली असताना नवी ऑर्डर तूर्त स्थगित आहे, हे ग्राहकाला सौजन्याने कसे कळवावे

नियमित ग्राहकाची नवी ऑर्डर येते आणि त्याच वेळी लेजर उघडून पाहिले, तर मागची दोन-तीन बिले मुदत उलटूनही तशीच पडलेली दिसतात. ग्राहक बुडवणारा नाही, संबंध जुना आहे, पण मागचे पैसे आल्याशिवाय नवा माल पाठवणे आपल्याला परवडणारे नाही. अशा वेळी लिहायच्या पत्राबद्दल हा लेख आहे. मी बरीच वर्षे वसुलीचे काम पाहिले आहे आणि माझा अनुभव असा, की असे पत्र कठोर वाटते ते त्यातल्या नकारामुळे क्वचितच. किती रक्कम भरायची, कोणत्या बिलांपोटी भरायची आणि भरल्यावर माल नक्की केव्हा निघेल, हे पत्र वाचूनही कळत नसेल, तर ग्राहकाला ते अपमानास्पद वाटते. म्हणून या पत्रातले सौजन्य आधी आकड्यांत आणावे लागते, शब्दांचा विचार त्यानंतर करायचा.

पुढील सर्व विवेचन एकाच उदाहरणावर केले आहे. समजा, आज १८ जून आहे आणि ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची उधारी दिलेली आहे. १६ जूनला त्याची ऑर्डर क्र. ७७ आली असून तिची किंमत १,४०,००० आहे. लेजरमध्ये त्याच्या नावावर एकूण ३,५१,००० येणे दिसते.

आधी आकडा पक्का करावा

लेजरची शिल्लक जशीच्या तशी उचलून पत्रात टाकणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण ती शिल्लक म्हणजे थकबाकी नव्हे. उदाहरणातल्या ग्राहकाचे खाते उलगडले तर चार बिले दिसतात. बिल क्र. २१४ हे २ एप्रिलचे असून १,२०,००० चे आहे आणि त्याची देय तारीख २ मे होती. बिल क्र. २३१ हे १६ एप्रिलचे, ८६,००० चे, देय तारीख १६ मे. बिल क्र. २५८ हे ८ मेचे, ९५,००० चे, देय तारीख ७ जून. चौथे बिल क्र. २७९ हे १ जूनचे, ७०,००० चे आहे, पण त्याची मुदत १ जुलैला संपते. म्हणजे आजच्या तारखेला ते थकलेलेच नाही आणि त्याची मागणी या पत्रात करणे चुकीचे ठरेल.

याखेरीज दोन गोष्टी खात्यात दडलेल्या असतात. पहिली म्हणजे बिनहिशेबी जमा. या ग्राहकाने २८ मे रोजी २०,००० पाठवले होते, मात्र कोणत्या बिलापोटी ते कळवले नव्हते, त्यामुळे ती रक्कम कोणत्याच बिलाला न लागता खात्यात पडून राहिली. ग्राहकाने बिल क्रमांक सांगितला असेल तर त्याचे म्हणणे पाळावे. सांगितला नसेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर सर्वांत जुन्या बिलात ती वळती करावी आणि तसे केल्याचे पत्रात लिहावे. त्यानुसार बिल २१४ मध्ये १,००,००० उरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वादातली रक्कम. बिल २३१ मधील काही माल खराब निघाल्याचे ग्राहकाने पूर्वीच कळवले होते आणि त्या मालाची किंमत १४,००० होती. आपण तपासतो म्हणालो आणि तो विषय आपल्याकडेच राहिला. ज्या रकमेचा निर्णय आपण दिलेला नाही, त्या रकमेसाठी ग्राहकाची ऑर्डर अडवणे योग्य नाही आणि ते व्यवहारालाही धरून नाही, कारण अशी रक्कम मागणीत मिसळली की ग्राहकाला सगळीच मागणी बाजूला ठेवायला कारण मिळते. म्हणून १४,००० वेगळे काढावेत. बिल २३१ पोटी निर्विवाद रक्कम ७२,००० राहते.

आता मागणीचा आकडा ठरतो: १,००,०००, ७२,००० आणि ९५,००० मिळून २,६७,०००. लेजर ३,५१,००० दाखवत होते, त्यातून मुदतीतले ७०,००० आणि वादातले १४,००० वगळले. या ८४,००० च्या फरकावरच पत्राचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते. ३,५१,००० मागितले असते तर ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाने पहिल्या वाचनातच ‘तुमचा हिशेब जुळत नाही’ असे उत्तर पाठवले असते, आणि ते उत्तर बरोबरही असते.

ही काळजी मी एका चुकीतून शिकलो. एका ग्राहकाला मी असेच स्थगितीचे पत्र पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की पैसे नऊ दिवसांपूर्वीच पाठवले आहेत. शोधल्यावर ती रक्कम आमच्याच सस्पेन्स खात्यात सापडली, कारण पाठवणाऱ्याचे नाव बँकेच्या नोंदीत वेगळे आले होते. मी माफी मागितली, माल त्याच दिवशी पाठवला, पण त्यानंतरच्या ऑर्डरी हळूहळू कमी होत गेल्या. तेव्हापासून असे पत्र पाठवायच्या दिवशी सकाळी मी बँकेचे त्या दिवसापर्यंतचे स्टेटमेंट आणि सस्पेन्स खाते दोन्ही स्वतः पाहतो. या तपासणीला फार तर अर्धा तास लागतो.

ऑर्डर कोणत्या टप्प्यावर आहे

ऑर्डर नुसती मिळालेली आहे, की आपण तिची स्वीकृती लेखी कळवली आहे, हे पाहिल्याशिवाय ‘स्थगित’ हा शब्द लिहू नये. नुसती मिळालेली ऑर्डर स्वीकारायची की नाही, हे बहुधा आपल्या हातात असते. स्वीकृती गेली असेल, तर मात्र आपण एका तारखेला बांधले गेलेलो असतो आणि मागच्या बिलांचे कारण देऊन तो माल रोखण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे करारातील किंवा बिलावरील अटींवरून ठरते. उधारीच्या अटींत ‘मुदत उलटलेली रक्कम शिल्लक असल्यास पुढील पुरवठा थांबवता येईल’ अशा अर्थाचे कलम असेल तर त्याचा आधार आहे. नसेल, तर आधी सल्ला घ्यावा आणि पत्रातही आदेशाऐवजी विनंतीची भाषा ठेवावी. वाटेत असलेला माल परत बोलावणे किंवा खास त्या ग्राहकासाठी बनवायला घेतलेला माल मधेच सोडणे, हे तर वेगळेच विषय आहेत आणि त्यांना या पत्रात घेऊ नये.

आपल्या उदाहरणात ऑर्डर ७७ ची स्वीकृती अजून गेलेली नाही, त्यामुळे मार्ग मोकळा आहे. पण त्यामुळे शब्दांत एक सावधगिरी येते. ‘ऑर्डर मिळाली असून तिची नोंद घेतली आहे’ असे लिहावे, ‘ऑर्डर स्वीकारली आहे’ असे लिहू नये, नाहीतर एकाच पत्रात आपण माल देण्याचे कबूल करून तो रोखल्यासारखे होते.

याच वेळी आपल्या घरातली बाजूही सावरून घ्यावी. गोदामाला आणि विक्री विभागाला ऑर्डर ७७ थांबवल्याचे लेखी कळवावे आणि ती कोण मोकळी करू शकतो, त्या एकाच व्यक्तीचे नाव ठरवावे. पत्र गेल्यावर दोन दिवसांनी विक्री प्रतिनिधीच्या शब्दावर माल निघाला, तर त्या ग्राहकाला पुढचे कोणतेही पत्र गंभीर वाटणार नाही.

पत्राआधी फोन

ऑर्डर देणारा माणूस खरेदी विभागातला असतो आणि पैसे अडकलेले असतात अकाउंट्समध्ये. अनेकदा खरेदीवाल्याला मागची बिले थकली आहेत याची कल्पनाच नसते. त्याला ही गोष्ट थेट पत्रातून, तीही त्याच्या वरिष्ठाला प्रत पाठवलेल्या पत्रातून कळली, तर त्याला तोंडघशी पडल्यासारखे वाटते. म्हणून पत्र जाण्यापूर्वी, त्याच दिवशी, त्याच्याशी ज्याची ओळख आहे त्याने फोन करावा. संभाषण दोन-तीन मिनिटांचे पुरे, आणि ते साधारण असे असावे:

> “नमस्कार. आपली १६ तारखेची ऑर्डर मिळाली, नोंद घेतली आहे. एक गोष्ट पत्र पाठवण्याआधी आपल्या कानावर घालावी म्हणून फोन केला. मागच्या तीन बिलांची मुदत उलटून गेली आहे आणि ती जमा होईपर्यंत ही ऑर्डर आम्हाला थांबवून ठेवावी लागते आहे. बिलांचा तपशील आज संध्याकाळपर्यंत लेखी पाठवतो. तो आपल्या अकाउंट्समध्ये कोणाच्या नावाने पाठवू, आणि हा माल आपल्याला कोणत्या तारखेला लागणार आहे?”

शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिल्यामुळे पत्र योग्य टेबलावर पोचते. दुसऱ्यामुळे खरी निकड कळते, आणि खरेदीवाला स्वतःच अकाउंट्सच्या मागे लागतो, कारण माल त्याला हवा असतो. फोनवर रकमेची घासाघीस करू नये आणि ‘बघू, काहीतरी करू’ असेही म्हणू नये, कारण असे एक वाक्य संध्याकाळी जाणाऱ्या पत्राच्या विरोधात उभे राहते.

पत्राचा मसुदा

पत्र एका पानाच्या आत बसावे. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक आणि स्थगिती या दोन्हींचा उल्लेख असावा. केवळ ‘थकबाकीबाबत’ असे लिहिलेले पत्र नेहमीच्या तगाद्यांच्या ढिगात जाते आणि ऑर्डर थांबली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

> विषय: ऑर्डर क्र. ७७ (१६ जून) तूर्त स्थगित – मुदत उलटलेल्या तीन बिलांबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपली १६ जूनची ऑर्डर क्र. ७७ आम्हाला मिळाली असून तिची नोंद घेतली आहे. ऑर्डरबद्दल आभारी आहोत.
>
> पुढील तीन बिलांची मुदत उलटली असून त्यांची रक्कम १८ जूनपर्यंत आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही. त्यामुळे ही ऑर्डर आम्ही तूर्त स्थगित ठेवली आहे.
>
> बिल क्र. २१४, देय तारीख २ मे: शिल्लक १,००,००० (मूळ रक्कम १,२०,०००, आपण २८ मे रोजी पाठवलेले २०,००० या बिलात वळते केले आहेत)
> बिल क्र. २३१, देय तारीख १६ मे: ७२,००० (मूळ रक्कम ८६,०००, वादातील १४,००० वगळून)
> बिल क्र. २५८, देय तारीख ७ जून: ९५,०००
> एकूण: २,६७,०००
>
> बिल क्र. २३१ मधील खराब निघालेल्या मालाचे १४,००० वरील रकमेत धरलेले नाहीत. त्याबाबतचा निर्णय आम्ही २३ जूनपर्यंत आपल्याला स्वतंत्रपणे कळवू आणि त्यासाठी ही ऑर्डर अडणार नाही. बिल क्र. २७९ अद्याप मुदतीत असल्यामुळे त्याचाही यात समावेश नाही.
>
> २,६७,००० ही रक्कम जमा होताच आम्ही ऑर्डरची स्वीकृती पाठवू आणि त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत माल रवाना करू. रक्कम २५ जूनपर्यंत जमा झाल्यास ऑर्डरमधील दर तेच राहतील. आमच्या बँक खात्याच्या तपशिलात कोणताही बदल झालेला नाही.
>
> आपण दरम्यान रक्कम पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक आणि तारीख कळवावी, म्हणजे आम्हाला त्याच दिवशी तपासता येईल. कोणत्याही बिलाबद्दल शंका असल्यास किंवा पूर्ण रक्कम एकदम देण्यात अडचण असल्यास कृपया मला थेट फोन करावा. तिन्ही बिलांच्या प्रती, माल पोचल्याच्या सहीच्या पावत्या आणि खातेउतारा सोबत जोडला आहे.
>
> आपला स्नेहांकित,
> (नाव, हुद्दा, थेट फोन क्रमांक)

या मसुद्यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. जोडपत्रे पहिल्याच पत्राबरोबर दिली आहेत, कारण ‘बिलाची प्रत मिळाली नाही’ या एका उत्तरात आठवडा सहज निघून जातो. बँक खात्याचा तपशील बदललेला नाही एवढेच सांगितले आहे. थकबाकीच्या नावाखाली बनावट पत्र पाठवून पैसे दुसऱ्याच खात्यात वळवण्याचे प्रकार सर्रास घडतात, म्हणून अशा पत्रात नवा खाते क्रमांक कधीही देऊ नये. खाते खरोखरच बदलले असेल तर ते वेगळ्या पत्राने, आणि ग्राहकाला पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावरून फोन करून कळवावे.

शब्दांची निवड

मराठीत या विषयाला एक सोय आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. ‘आपण पैसे भरलेले नाहीत’ या वाक्यात ग्राहक कर्ता आहे आणि दोष त्याच्या माथी आहे. ‘रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही’ या वाक्यात रक्कम कर्ता आहे, आपण केवळ आपल्याला काय दिसते ते सांगतो आहोत, आणि पैसे वाटेत असतील तर ग्राहकाला तसे म्हणायला जागा राहते. मात्र स्थगितीच्या वाक्यात असे आडून बोलू नये. ‘ऑर्डर स्थगित झाली आहे’ म्हटले की जणू ती आपोआप झाली. ‘आम्ही तूर्त स्थगित ठेवली आहे’ यात निर्णय आपला असल्याचे कबूल केलेले असते, आणि ज्याने निर्णय घेतला त्याच्याशी बोलता येते. ‘आमच्या सिस्टीमने ऑर्डर अडवली’ हे वाक्य मला त्यासाठीच आवडत नाही. ते ऐकणाऱ्याला टाळाटाळ वाटते आणि पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग सिस्टीममधून काढा ना.

‘रद्द’ हा शब्द पत्रात कुठेही नको. ऑर्डर थांबलेली आहे, गेलेली नाही, आणि ‘तूर्त’ हे छोटे क्रियाविशेषण तो फरक पुरेसा सांगते. ‘नाइलाजाने’, ‘अत्यंत खेदाने’, ‘वारंवार विनंती करूनही’ हे शब्द गाळावेत. पहिले दोन आपल्याला अवघडल्यासारखे दाखवतात, आणि तिसऱ्यात आरोप आहे, जो पूर्वीची पत्रे जोडल्याशिवाय सिद्धही होत नाही. आपले हक्काचे पैसे मागताना क्षमा मागण्याचे कारण नाही. क्षमा मागायची असेल तर ती १४,००० चा निर्णय रखडवल्याबद्दल मागावी, कारण तिथे चूक आपली आहे.

‘लवकरात लवकर’ हाही शब्दप्रयोग मी काढून टाकतो. वाचणाऱ्याला तो तगादा वाटतो आणि तरीही त्यातून तारीख कळत नाही. ‘२५ जूनपर्यंत’ हे अधिक नम्र आहे, कारण त्यात ग्राहकाला आपले नियोजन करता येते. व्याज, कायदेशीर कारवाई किंवा इतर पुरवठादारांना कळवण्याची भाषा तर या पत्रात मुळीच आणू नये. व्याज करारात असेल तर ते स्वतंत्र बिलाने आकारता येते. या पत्राचे काम ऑर्डर मोकळी करण्याची अट सांगणे एवढेच आहे.

उत्तर आल्यावर

चार प्रकारची उत्तरे येतात, आणि त्यांना काय म्हणायचे हे पत्र पाठवण्यापूर्वीच ठरवलेले असावे.

‘पैसे पाठवले आहेत’ असे सांगून ग्राहक व्यवहाराचा फोटो पाठवतो, तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवू नये, पण मालही सोडू नये. ‘माहितीबद्दल आभार. रक्कम खात्यात दिसताच आपल्याला कळवतो आणि माल रवाना करण्याची तयारी करून ठेवतो’ एवढे पुरे. धनादेश असेल तर तो वटेपर्यंत थांबावे आणि ‘जमा होताच’ या शब्दांचा अर्थ तोच आहे, हे त्याच उत्तरात सांगून टाकावे.

दुसरे उत्तर अर्धवट रकमेचे असते आणि सर्वांत जास्त विचार त्यालाच लागतो. समजा, ग्राहक म्हणतो, की २१४ आणि २३१ या बिलांचे १,७२,००० आज देतो, २५८ चे ९५,००० मात्र ५ जुलैला देईन, माल सोडा. येथे हिशेब मांडून पाहावा. एकूण येणे ३,५१,००० होते, ते १,७२,००० आल्यावर १,७९,००० होईल. पूर्ण ऑर्डर सोडली तर ते ३,१९,००० वर जाते, म्हणजे आधीपेक्षा कमीच, पण ९५,००० येण्याआधीच आपल्या हातातली सगळी ऑर्डर निघून गेलेली असते. अर्धी ऑर्डर सोडली तर येणे २,४९,००० होते आणि उरलेली ७०,००० ची ऑर्डर आपल्याकडे राहते. सर्वांत जुनी दोन बिले मिटत असतील तर मी अर्धी ऑर्डर सोडायला तयार असतो. मात्र एक खाच आहे: ५ जुलै उजाडेपर्यंत बिल क्र. २७९ चीही मुदत संपलेली असेल. ते लक्षात घेतले नाही तर ५ जुलैला ९५,००० येतील आणि त्याच दिवशी आणखी एक थकीत बिल पुढ्यात असेल. म्हणून उत्तरात दोन्ही बिले एकत्र बांधावीत:

> “आपला प्रस्ताव आम्हाला मान्य आहे. १,७२,००० जमा होताच ऑर्डर क्र. ७७ मधील ७०,००० चा माल तीन कामकाजाच्या दिवसांत रवाना करू. बिल क्र. २५८ चे ९५,००० आणि १ जुलैला देय होणारे बिल क्र. २७९ चे ७०,००० असे एकूण १,६५,००० आपण ५ जुलैपर्यंत द्यावेत, म्हणजे उरलेला माल लगेच पाठवता येईल. कोणता माल आधी हवा आहे ते कृपया कळवावे.”

शेवटच्या वाक्याने अर्धा माल देणे ही शिक्षा राहत नाही, कारण निवड ग्राहकाची असते.

तिसरे उत्तर असते, ‘या ऑर्डरचे पूर्ण पैसे आधी देतो, जुन्याचे नंतर बघू.’ हे ऐकायला सुरक्षित वाटते आणि येणे वाढतही नाही. पण असे दोन-तीनदा झाले की ग्राहक नवा माल रोखीने घेत राहतो आणि जुनी बिले गोठतात. जुन्या रकमेचा ठोस हिस्सा आणि उरलेल्याची लेखी तारीख सोबत येत असेल तरच हे मान्य करावे. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ग्राहकाने ऑर्डर ७७ साठी म्हणून पाठवलेली आगाऊ रक्कम न सांगता जुन्या बिलात वळवून घेऊ नये. अट मान्य नसेल तर रक्कम घेण्यापूर्वी सांगावे. पैसे घेऊन मग माल नाकारला तर ग्राहक दुखावतो, आणि ते दुखावणे रास्त असते.

चौथे उत्तर भावनेचे असते: ‘इतक्या वर्षांचे संबंध, आणि तुम्ही एवढ्यासाठी माल अडवता?’ येथे वाद घालू नये, संबंधाचे महत्त्व नाकारू नये आणि अटही हलवू नये. मी साधारण असे लिहितो:

> “आपल्या नाराजीची मला जाणीव आहे आणि इतक्या वर्षांच्या व्यवहारामुळेच हे आपल्याशी स्पष्ट बोलावेसे वाटले. बिल क्र. २१४ ला देय तारखेनंतर ४७ दिवस झाले आहेत आणि त्यापुढे उधारी वाढवणे आम्हाला शक्य होत नाही. आपल्याला सोयीचे जाईल असे हप्ते सुचवावेत, मी आजच त्यावर निर्णय कळवतो.”

काहीच उत्तर आले नाही, तर २५ जूनच्या दुसऱ्या दिवशी चार ओळींचे पत्र त्याच आकड्यांसह, या वेळी ग्राहकाकडील निर्णय घेणाऱ्या व्यक्तीच्या नावे, पाठवावे. त्यात सूर चढवू नये. दराची मुदत संपली असल्याने ऑर्डर मोकळी करताना त्या दिवशीचा दर लागू होईल, एवढी एकच नवी गोष्ट सांगावी. दरम्यान आपण २३ जूनला देऊ म्हटलेला १४,००० चा निर्णय मात्र त्याच तारखेला गेलाच पाहिजे, मग पैसे येवोत वा न येवोत.

स्थगिती उठवताना

रक्कम जमा झालेल्या दिवशीच कळवावे. येथे होणारा उशीर मी पुष्कळदा पाहिला आहे: पैसे सकाळी आलेले असतात, पण ते बिलांना लावण्याचे काम दुसऱ्या दिवशी होते, गोदामाला निरोप तिसऱ्या दिवशी जातो आणि दिलेला शब्द आपल्याकडूनच मोडतो. म्हणून ऑर्डर मोकळी करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने त्या काळात दिवसातून दोनदा बँकेची नोंद पाहावी.

> “आज २४ जून रोजी २,६७,००० जमा झाले. बिल क्र. २१४ आणि २५८ पूर्ण चुकते झाले असून २३१ मध्ये फक्त वादातील १४,००० राहिले होते. आमच्या कालच्या पत्रानुसार त्या रकमेची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे, त्यामुळे तेही बिल आता बंद झाले. ऑर्डर क्र. ७७ ची स्थगिती आम्ही उठवली असून स्वीकृती सोबत पाठवत आहोत. माल २७ जूनपर्यंत रवाना होईल. मनःपूर्वक आभार.”

या पत्राची प्रत खरेदी विभागातल्या त्याच माणसाला जावी, ज्याला पहिल्या दिवशी फोन केला होता. माल पाठवण्याची तारीख मूळ ऑर्डरच्या तारखेपासून न मोजता स्थगिती उठल्यापासून मोजली आहे, हे पहिल्या पत्रात स्पष्ट असल्यामुळे आता त्यावर वाद उद्भवत नाही. बिल क्र. २७९ ची आठवण या आभाराच्या पत्रात करू नये. तिच्यासाठी मुदतीच्या तीन-चार दिवस आधी एक वेगळी, दोन ओळींची सूचना पाठवावी, आणि त्या सूचनेत कोणत्याही स्थगितीचा उल्लेख नसावा.